किनारा डाव्या हाताला ठेवा : साताऱ्याहून सात दिवसांची कोकण सहल

प्रश्न : "आम्ही साताऱ्याचे. जानेवारीत आई-वडील (वय ६८ आणि ७२), आम्ही दोघे आणि नऊ वर्षांची मुलगी अशा पाच जणांना स्वतःच्या गाडीने कोकण किनाऱ्याने सात दिवस फिरायचे आहे. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. समुद्र वरून दिसेल अशा जागा हव्यात, जेवणाचे हाल नकोत आणि एखादा दिवस ऐन वेळी बदलता यावा. तारकर्ली ते दापोली सगळे बसेल का?"

नाही, बसणार नाही. ओढूनताणून बसवले, तर पहिला बळी तुमच्या चार तासांच्या अटीचा जाईल. नकाशावर कोकणचा किनारा सरळ रेषेसारखा दिसतो, पण रस्त्याला तो तसा कधीच सापडत नाही, कारण सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते. रस्ता मग एकतर पूल शोधत आत वळतो किंवा धक्क्यापाशी संपतो आणि गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. त्यामुळे कोकणात "आज किती किलोमीटर" यापेक्षा "आज किती खाड्या" हा हिशेब खरा ठरतो. साताऱ्यातून कुटुंबांच्या सहली आखून देण्याचे आणि बऱ्याचदा त्यांची गाडी चालवण्याचे काम मी गेली वीस वर्षे करत आहे. सात दिवसांत, वडीलधारे बरोबर असताना, मी दोन-तीन खाड्यांच्या पलीकडे जात नाही.

तुमच्यासाठी मी मुचकुंदी ते वाशिष्ठी एवढाच पट्टा निवडीन, म्हणजे दक्षिणेला पूर्णगड आणि उत्तरेला गुहागर. मधे रत्नागिरीजवळ काजळी नदीची भाट्याची खाडी आहे, तिच्यावर पूल आहे. जयगडला शास्त्री नदीची खाडी आहे, तिथे फेरीबोट आहे. घाट उतरायला आंबा आणि चढायला कुंभार्ली असे दोन निराळे रस्ते मिळत असल्यामुळे आपल्या भागातून हा फेरा चांगला जुळतो आणि गेल्या वाटेने परत यावे लागत नाही. तारकर्ली आणि दापोली वेगवेगळ्या सुट्ट्यांसाठी ठेवा.

आता दिशा. बहुतेक सातारकर आधी कुंभार्लीने चिपळूण-गुहागरला जातात आणि तिथून दक्षिणेला सरकत रत्नागिरीहून आंबा घाटाने वर येतात. मी नेमके उलट करतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि आपला समुद्र पश्चिमेला आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना समुद्र सतत डाव्या हाताला राहतो, त्यामुळे एखादे वळण आवडले तर समोरून येणारी वाहने न छेदता गाडी तिथल्या तिथे कडेला घेता येते आणि आजी-आजोबांना रस्ता न ओलांडता दाराबाहेर पाऊल टाकून समुद्र पाहता येतो. उलट दिशेने आलात, तर प्रत्येक चांगली जागा रस्त्याच्या पलीकडे येते. वळणावर रस्ता ओलांडायचा, त्यात नऊ वर्षांची मुलगी बरोबर, म्हणून निम्म्या ठिकाणी मंडळी "राहू दे, पुढे बघू" म्हणतात आणि पुढे तशी जागा येत नाही. शिवाय पुढच्या डाव्या आसनावर जो बसेल, त्याला पूर्ण सहल समुद्र दिसत राहतो. ती जागा रोज बदलून द्या, नाहीतर तिच्यावरून रुसवेफुगवे होतील.

तासांचा हिशेब मी असा करतो. फोनवरचा नकाशा जो वेळ दाखवतो, तो सरळ महामार्गावर तसाच धरतो, घाटात सव्वापट धरतो आणि किनाऱ्याच्या गावरस्त्यांवर दीडपट. त्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे असतात, समोरून एस. टी. आली तर एकाला मागे जावे लागते आणि गावातून जाताना कोणाची तरी गाय रस्त्यात बसलेली असतेच. या दीडपटीत चहाचे आणि फोटोचे थांबे धरलेले नाहीत. म्हणजे नकाशाने दोन तास सांगितले, तर चाके तीन तास फिरणार आणि घरातून निघून मुक्कामी पोचेपर्यंत पाच तास जाणार. तुम्ही म्हणता ते चार तास मी चाके फिरण्याचे धरतो आहे. त्यातही सलग दीड तासापेक्षा जास्त बसायचे नाही, विशेषतः आईंच्या किंवा वडिलांच्या गुडघ्यांची तक्रार असेल तर.

पहिल्या दिवशी साताऱ्याहून कराड, तिथून उंडाळे, कोकरूड, मलकापूर आणि घाटमाथ्यावरचे आंबा गाव, इतकेच. आरामात निघालात तरी चार तासांच्या आत बसते आणि दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोचता. त्याच दिवशी घाट उतरून रत्नागिरी गाठण्याचा मोह होतो, कारण नकाशावर ती जवळ दिसते. पण तो आवरा. संध्याकाळच्या अंधुक उजेडात थकलेल्या चालकाने घाट उतरणे मला पसंत नाही, आणि आंब्याची जानेवारीतली थंडी आणि जंगल हाही सहलीचाच भाग आहे. दुसऱ्या दिवशी धुके विरले की नऊच्या सुमारास उतरायला लागा. उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर धरा आणि ब्रेकला पाय कमीत कमी लावा. जळका, उग्र वास येऊ लागला, तर ब्रेक तापले आहेत असे समजा. मोकळी जागा पाहून वीस मिनिटे नुसते थांबा, पण चाकांवर पाणी ओतू नका. मुलीला घाट लागत असेल, तर निघण्याआधी तासभर तिला सुके, हलके काहीतरी खायला द्या आणि घाटभर तिला पुढे बसवा.

साखरपा, पाली, हातखंबा करत रत्नागिरीच्या अलीकडे याल, तेव्हा शहरात न रेंगाळता भाट्याच्या पुलावरून पावसकडे वळा. पहिला तळ पावस किंवा गणेशगुळे इथे, दोन रात्रींचा. रत्नागिरीत हॉटेले जास्त आहेत हे खरे, पण पावसला राहिलात तर तिसऱ्या दिवशीची दक्षिणेची फेरी निवांत होते. ही फेरी म्हणजे पूर्णगड, मुचकुंदीवरच्या पुलाने पलीकडे गावखडी आणि पुढे कशेळी. पूर्णगड हा छोटा किल्ला आहे. गावातून थोडे चढावे लागते, पण तटावर उभे राहिले की एका बाजूला खाडीचे मुख आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र दिसतो. खाडीचे पाणी समुद्रात शिरते ती रंगाची रेघ भरती-ओहोटीप्रमाणे आत-बाहेर सरकत असते. मुलीला ती दाखवा, बराच वेळ बघत बसेल. कशेळीला कनकादित्याचे देऊळ आहे आणि जवळच देवघळीचा कडा आहे, तिथून खाली लाटा खडकाच्या खोबणीत शिरताना दिसतात. जाताना हाच समुद्र उजव्या हाताला असेल, म्हणून कुठे थांबायचे ते फक्त हेरून ठेवा आणि येताना थांबा. एवढाच दिवस आपण दक्षिणेला जातो आणि त्याची भरपाई त्याच दिवशी परतीच्या वाटेवर होते.

उजेडाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण उंचावरच्या जागा निवडताना बहुतेक लोक इथे चुकतात. आपल्या किनाऱ्यावर सकाळी ऊन पाठीमागून, डोंगराच्या बाजूने येते आणि समुद्रावर पडते. म्हणून निळे-हिरवे पाणी, वाळूचा रंग, दूरची होडी हे सगळे सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान स्वच्छ दिसते. दुपारनंतर ऊन समोर येते आणि पाणी नुसते चकाकते. तेव्हा उंचावरच्या जागा सकाळी आणि वाळूवरचे फिरणे संध्याकाळी, अशी वाटणी करा. जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाला बुडतो. सूर्यास्त मुक्कामापासून पायी जाता येईल अशा किनाऱ्यावरच पाहायचा, असा माझा नियम आहे, कारण त्यानंतर अंधारात गडग्यांच्या रस्त्याने गाडी चालवणे म्हणजे दिवसभराची मजा घालवणे.

याच कारणाने चौथ्या दिवशीचा आरे-वारेचा रस्ता सकाळचा ठेवा. पावसहून साडेआठला निघालात, तर भाट्यावरून रत्नागिरी ओलांडून दहाच्या सुमारास आरे आणि वारे या दोन गावांमधल्या उंच रस्त्यावर असाल. डाव्या हाताला खाली दोन पुळणी, मधे डोंगराची सोंड, असे ते दृश्य आहे. ते लोकप्रिय आहे आणि शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. जानेवारीत शाळांच्या सहलींच्या एस. टी. गाड्याही याच रस्त्याने गणपतीपुळ्याला जातात. म्हणून सहल शनिवारी सुरू करा, म्हणजे चौथा दिवस मंगळवार येईल. रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहायचा असेल, तर तो या दिवशी न घालता दुसऱ्या दिवशी घाट उतरून आल्यावर पाहा. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी १९१० साली बांधलेला तो वाडा तासाभरात पाहून होतो, आणि तिथून थोड्या अंतरावरच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी पूर्ण दिसते.

दुसरा तळ मालगुंडला टाका, गणपतीपुळ्याला नको. दोन्ही शेजारी आहेत, पण मालगुंडला घरगुती राहण्याच्या सोयी आहेत, गजबज कमी आहे आणि केशवसुतांचे जन्मगाव म्हणून तिथले स्मारक पाहण्यासारखे आहे. पुळ्याच्या देवळात सकाळी लवकर जाऊन यावे. डोंगरच गणपतीचे रूप मानलेला असल्याने प्रदक्षिणा डोंगराला घालतात. ती साधारण एक किलोमीटरची आहे आणि वाटेत पायऱ्या आहेत, म्हणून वडिलांना झेपेल का ते तुम्हीच ठरवा. एक गोष्ट मात्र परिस्थितीवर सोडू नका : पुळ्याच्या समुद्रात पोहायला उतरू नका. तिथे पायाखालची वाळू सरकते आणि पाणी आत ओढते. तसे फलक लावलेले असूनही दरवर्षी लोक उतरतात.

आता तुमच्या बदलत्या दिवसाबद्दल, जो माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. मोकळा दिवस सगळेजण सहलीच्या शेवटी ठेवतात आणि तो कधीच मोकळा राहत नाही. शेवटच्या दिवशी मन घराकडे लागलेले असते, म्हणून मंडळी तो सोडून देतात आणि एक दिवस आधी परततात. मोकळा दिवस मधोमध हवा आणि मुख्य म्हणजे तो दोन मुक्कामांमध्ये सरकवता आला पाहिजे. तुमच्या बाबतीत तो जयगडच्या फेरीबोटीच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेही बसतो. मालगुंडला दोन रात्री आणि गुहागरला एक, किंवा मालगुंडला एक आणि गुहागरला दोन. आरक्षण करतानाच दोन्ही घरमालकांना हे मोकळेपणाने सांगा : एक रात्र नक्की आहे, दुसरीचे चौथ्या दिवशी दुपारपर्यंत कळवू. मधल्या वारी बहुतेक घरगुती ठिकाणी हे मान्य करतात. शनिवार-रविवारी करत नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही. कोणाचे पोट बिघडले, मुलीला मालगुंडचा किनारा सोडवेना किंवा बोट बंद असली, तरी हा एक सरकता दिवस सगळे झेलतो.

तो कुठे सरकवायचा हे बऱ्याच वेळा समुद्रच ठरवतो, आणि हे मी स्वतः चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी वाईच्या एका कुटुंबाला घेऊन मी दुपारी बाराला हेदवीला पोचलो. हेदवीच्या किनाऱ्यावर खडकाला उभी फट पडली आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट त्या फटीत शिरते, कोंडते आणि मोठा आवाज करत उंच उसळते. मी वाटेत त्याचे भरपूर वर्णन केले होते. आम्ही पोचलो तेव्हा ऐन ओहोटी होती. फटीच्या तळाशी गुडघाभर पाणी हलत होते, दोन खेकडे ऊन खात होते आणि आजोबा काठी टेकत, टळटळीत उन्हात तिथपर्यंत आल्यावर म्हणाले, "अहो, हीच का ती?" त्या दिवशी नवमी होती. मी पंचांग पाहिले असते, तर त्यांना त्या वेळी तिथे नेलेच नसते.

कोकणातले मच्छीमार वापरतात तो हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीन आणि रात्री तीनच्या आसपास पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशेब तोच. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी, आणि नवमीलाही दुपार कोरडीच. माझी फसगत झाली ती अशी. याउलट त्रयोदशीला भरती पावणेदहाला येते, चतुर्दशीला साडेदहाला आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराला. या दिवसांत भरती उधाणाची, म्हणजे इतर दिवसांपेक्षा मोठी असते. हा अंदाज आहे, तासभर पुढे-मागे होऊ शकतो, पण सहलीचा दिवस आखायला पुरेसा आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात आदल्या रात्री पाहून घ्या.

म्हणून तारखा ठरवताना आधी पंचांग उघडा आणि हेदवीचा दिवस, म्हणजे सहावा किंवा सरकवला तर पाचवा, त्रयोदशी ते अमावास्या-पौर्णिमेच्या दरम्यान येईल असा पाहा. अशी संधी महिन्यातून दोनदा येते. शनिवारची सुरुवात आणि ही तिथी दोन्ही जुळत नसतील, तर मी तिथी धरीन आणि पुळ्याची गर्दी सोसेन, कारण गर्दीच्या दिवशी पहाटे दर्शन घेता येते, पण भरती आपल्यासाठी वेळ बदलत नाही. फक्त पुळ्याचा मुक्काम संकष्टीला, त्यातही अंगारकीला येऊ देऊ नका. वरच्या हिशेबाने तो आपोआप टळतो.

समजा सहावा दिवस चतुर्दशीचा आहे. मग तो असा घडेल. सकाळी सातला घरगुती नाश्ता, घावन किंवा आंबोळी, आणि आठला मालगुंड सोडायचे. अर्ध्या तासात जयगडचा धक्का. भरती चढती असल्याने पाणी धक्क्याच्या उताराला बरेच वर आलेले असते. हे महत्त्वाचे आहे, कारण ओहोटीला तो उतार लांब आणि शेवाळलेला उघडा पडतो, बोटीची फळी खाली जाते आणि खालून बसक्या गाडीचा पुढचा भाग घासतो. बोटीवर गाडी धक्क्यावरचा माणूस सांगेल तशी घालायची. कधी तो रिव्हर्समध्ये घालायला सांगतो, तेव्हा चालकाशिवाय सगळ्यांनी आधीच उतरून चालत बोटीवर यावे. आईंना उतारावरून हात धरून आणा. गाडी लावली की गिअरमध्ये ठेवून हॅंडब्रेक ओढा. प्रवास पंधरा मिनिटांच्या आतबाहेरचा आहे, पण मागे जयगड, समोर तवसाळ आणि डावीकडे खाडीचे मोकळे मुख अशा त्या पंधरा मिनिटांची आठवण मुले सगळ्यात जास्त दिवस सांगतात. बोटीची वाट पाहण्याची अर्धा तास सूट धरली, तरी सव्वानऊपर्यंत तवसाळला उतराल आणि दहापर्यंत हेदवी. आधी बामणघळ, मग देऊळ. साडेदहाला भरती पूर्ण होते, त्याच्या आधीचा अर्धा तास लाटांना जोर चांगला असतो. घळीच्या कडेचा खडक जिथवर ओला आहे, तिथवर कोणीही जायचे नाही. तो ओला आहे, याचा अर्थ थोड्या वेळापूर्वी लाट तिथे येऊन गेली आहे. मुलीचा हात सोडू नका. त्यानंतर दशभुज लक्ष्मीगणेशाचे देऊळ, सावलीत बसणे आणि साडेबारा-एकला हेदवी किंवा वेळणेश्वरला जेवण. तीनपर्यंत गुहागर. चतुर्दशीच्या त्याच हिशेबाने ओहोटी साडेचारच्या पुढे येते, म्हणजे संध्याकाळी गुहागरचा लांबलचक किनारा रुंद आणि टणक मिळतो. वडीलधाऱ्यांना चालायला कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा ही ओली वाळू कितीतरी सोपी असते. एका तिथीने सकाळची घळ आणि संध्याकाळचे फिरणे अशा दोन्ही गोष्टी साधल्या. पण ती टणक वाळू पाहून गाडी किनाऱ्यावर नेऊ नका. चाके रुतली की भरती येईपर्यंत ती काढायला जेमतेम काही तास असतात, आणि ट्रॅक्टर शोधण्यातच त्यातले दोन जातात.

बोट बंद असेल तर? आदल्या संध्याकाळी घरमालकाला विचारा, त्याला धक्क्यावरची खबर असते. पर्याय भातगावच्या पुलाचा आहे : मालगुंडहून चाफे-जाकादेवी, पुलावरून खाडी ओलांडून आबलोली आणि पुढे गुहागर. चाके अडीच-तीन तास फिरतील, तुमच्या अटीत बसते. मात्र हेदवी मग उलट बाजूने, गुहागरहून जाऊन यावी लागते आणि भरतीची वेळ निसटते. अशा वेळी सरकता दिवस गुहागरला वापरा आणि हेदवी दुसऱ्या दिवशी करा. भरती पाऊण तास उशिरा येईल, इतकाच फरक.

जेवणाबद्दल. कोकणातल्या घरगुती खानावळी म्हणजे आपल्याकडच्या महामार्गावरचे ढाबे नव्हेत. तिथे स्वयंपाक आलेल्या माणसांसाठी होत नाही, कळवलेल्या माणसांसाठी होतो. सकाळी नऊच्या आत फोन करून किती माणसे, किती शाकाहारी, मासे कोणते आणि किती वाजता येणार एवढे सांगितले, तर एकला ताट समोर येते. न सांगता दीडला पोचलात, तर भात संपलेला असतो आणि नवीन लावेपर्यंत आजोबांची गोळी घेण्याची वेळ टळते. सहाव्या दिवशी बोटीमुळे वेळ पुढे-मागे होणार, म्हणून हेदवीकडचे जेवण आदल्या रात्रीच सांगा आणि तवसाळला उतरल्यावर पुन्हा एकदा कळवा. मासे खाणाऱ्यांनी विशिष्ट माशाचा हट्ट धरू नये, आज काय आले आहे ते विचारावे. सुरमई नसेल आणि बांगडा ताजा असेल, तर बांगडाच घ्यावा. उकडीचे मोदक हवे असतील, तर तेही आदल्या दिवशी सांगायचे. ते आयते नसतात. आणि तिखटाचे मुद्दाम बोला, कारण आपल्याकडच्या कांदा-लसूण मसाल्याच्या जिभेला तिकडची नारळाची आमटी गोडसर लागते. वडिलांसाठी मी घरच्या चटणीची एक पुडी बरोबर ठेवायला सांगतो, आणि ती पहिल्या दोन दिवसांतच संपते.

परतीचा सातवा दिवस तुमची अट मोडतो, हे आधीच कबूल करतो. गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, उंब्रज, सातारा हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि चाके पाच तास तरी फिरतात. चिपळूणपर्यंत सव्वा तास, तिथे थांबून चहा आणि डिझेल, मग घाट चढून माथ्यावर एक थांबा आणि जेवण कोयनानगर किंवा पाटणला, असे तीन तुकडे केले तर वडीलधाऱ्यांना सोसते. घाटमाथ्यावर खिडक्या बंद ठेवा, माकडे हातातली पिशवी ओढतात. पाच तास नकोच असतील, तर सरकता दिवस परतीला खर्च करून शेवटची रात्र कोयनानगरला काढा. तसे केले, तर मालगुंड आणि गुहागरला एकेकच रात्र उरेल आणि बोट चुकली तर हाताशी राखीव काही नसेल. मी तुमच्या जागी असतो, तर गुहागरहून सकाळी साडेआठला निघून पाच तास सोसले असते आणि मोकळा दिवस समुद्रासाठी राखला असता. पण तुमच्या वडिलांची पाठ मी पाहिलेली नाही. आंब्याला पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी ते गाडीतून कसे उतरतात ते पाहा. ताठ उतरले तर गुहागर, आणि कमरेला हात लावून उतरले तर त्याच रात्री कोयनानगरला फोन करून ठेवा.